लावणी खरंच वेगात गातात का?

लावणीवर पीएचडी करते असं सांगितलं की लोक दोनपैकी एक काहीतरी म्हणतात. पहिलं म्हणजे "अरे वा, मग करून दाखव की!" (मला नाचता येत नाही, हे एकदाचं लिहूनच टाकते.) दुसरं म्हणजे "हां, ती फास्ट गाणी ना?" पहिल्याकडे मी हसून दुर्लक्ष करते. दुसरं मात्र बरीच वर्षं मलाही खरं वाटायचं. संशोधनाच्या आराखड्यात मी अगदी ठसक्यात लिहिलं होतं की द्रुत लय हे लावणीचं मुख्य लक्षण आहे. मार्गदर्शकांनी त्या वाक्यापुढे पेन्सिलीने नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून कागद परत दिला.

त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मला ग्रंथालयात मिळालं नाही. ते एका ज्येष्ठ ढोलकीवाल्यांनी दिलं. अख्खी हयात त्यांनी फडात काढली, आता गुडघे गेलेत म्हणून घरी असतात. गावात त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही. फोनवर एक फडाची लावणी लावून मी त्यांना विचारलं, "मामा, ही किती लयीत आहे?" ते म्हणाले, "आधी बाईच्या तोंडाबरोबर टाळी धर." मी धरली. शब्दांवर टाळ्या देताना काही घाई होत नव्हती, आरामात चाललं होतं. मग म्हणाले, "आता माझ्या माणसाबरोबर धर." म्हणजे ढोलकीबरोबर. चार सेकंदांत माझे हात एकमेकांत अडकले. मामा हसले. "गाणं कुठं पळतंय पोरी? पळतीय ती ढोलकी."

हा प्रयोग तुम्ही घरी करून बघा. कुठलीही फडाच्या ढंगाची लावणी घ्या. एकदा फक्त गाणाऱ्या बाईंचे शब्द ऐकत बोटाने ताल द्या, दुसऱ्यांदा फक्त ढोलकी ऐका. बहुतेक वेळा असं आढळेल की गाण्याची मूळ लय मध्यम आहे, पण एका मात्रेच्या पोटात ढोलकी दोन, कधी चार आघात बसवते. आपल्या कानाला जो 'वेग' जाणवतो तो या दाटीचा असतो. लय आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक एकदा लक्षात आला की लावणी, पोवाडा, अभंग, ओवी ही गाणी एकमेकांपासून कुठे वेगळी होतात ते नीट दिसायला लागतं.

कारण नुसता वेगच बघायचा झाला तर लावणीचं वेगळेपण टिकत नाही. वारकरी भजनाच्या शेवटी गजर टिपेला पोचतो तेव्हा टाळ आणि पखवाज ज्या लयीत असतात, ती एखाद्या लावणीपेक्षा सहज जास्त भरेल. गोंधळात संबळही चढत जातो. मग ते ऐकून लावणीची आठवण का होत नाही?

एका ओळीचं उदाहरण घेऊ. जुनी लावणी इथे उतरवण्याऐवजी मीच एक ओळ जुळवली आहे, तिच्या काव्यगुणांची चर्चा कृपया नको:

कोण उभी ती / दारी रात्री / वाट पाहते / कोणाची

शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला लघु-गुरू मोजायचो तसं मोजा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. पहिल्या तुकड्याच्या आठ, दुसऱ्याच्या आठ, तिसऱ्याच्या आठ. शेवटचा 'कोणाची' मात्र सहाच मात्रांचा. आठ-आठ मात्रांच्या या बांधणीला माधव जूलियनांनी 'छंदोरचने'त पद्मावर्तनी म्हटलं आहे आणि लावण्यांमध्ये ती भरपूर सापडते. आता ही ओळ आठ मात्रांच्या केरव्यात ठेवा, म्हणजे तबल्यावरचा आपल्या ओळखीचा 'धा गे ना ती, ना क धी ना'. तीन आवर्तनं शब्दांनी पूर्ण भरली. चौथ्या आवर्तनात सहा मात्रा शब्द आहेत आणि दोन मात्रा मोकळ्या.

या दोन मोकळ्या मात्रांचं काय करायचं, हा माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. ओळ संपते तिथे जी फट राहते, ती कोण भरतं?

जात्यावरच्या ओवीत ती जातं भरतं. बाई ओळ म्हणून थांबते, पण हात थांबत नाही. दगडाची घरघर चालू असते, आणि समोर दुसरी बाई बसली असेल तर ती ओळ उचलते. इथे तालवाद्य लागतच नाही, कारण ताल खुंट्याला धरलेल्या हातातून येतो. जात्याचा फेरा काही तबल्यासारखा मोजून-मापून आठ मात्रांत येत नाही. म्हणून ओवीच्या ओळी लहान-मोठ्या असल्या तरी अडत नाही. शब्द जास्त झाले तर घाईने म्हणायचे, कमी पडले तर 'गं' किंवा 'बाई' घालून लांबवायचे.

अभंगात ती फट टाळकरी भरतात. बुवांनी चरण म्हटला की मागचे सगळे तोच चरण उचलतात. म्हणजे एका माणसाची ओळ समूहाच्या तोंडी जाते, आणि फट राहतच नाही. अभंगाचा छंद अक्षरं मोजतो. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं असतात, आणि गाताना त्यातलं कुठलंही अक्षर हवं तेवढं ताणता येतं. पखवाज या सगळ्याला खालून आधार देतो. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, त्यामुळे नाद खोल आणि लांब टिकणारा येतो. पण असा टिकणारा नाद फार दाट वाजवला तर एकात एक मिसळतो. पखवाजाचं सौंदर्य उघड्या, भरदार थापेत आहे.

पोवाड्यात फट झीलकरी भरतात, 'जी जी' करून. शाहीर तेवढ्यात श्वास घेतो आणि पुढची ओळ आठवतो. हे मी गंमतीत लिहीत नाहीये. पोवाडा शंभर-शंभर ओळींचा असू शकतो, आणि झील ही शाहिराची विश्रांतीची जागाच आहे. डफ इथे धाक आणि चाल देतो. कथा पुढे ढकलायची असल्यामुळे ओळी कमी-जास्त लांबीच्या येतात, कधी मध्येच बोलल्यासारखं गद्यही येतं. डफाला त्याचं काही वाटत नाही. तो थांबतो आणि पुन्हा सुरू होतो.

आणि लावणीत ही फट ढोलकीच्या ताब्यात असते. फडावरही झीलकरी असतात, तुणतुणं असतं, ते सूर धरून ठेवतात. पण ओळीला उत्तर देते ढोलकी. आपल्या ओळीत एक मात्रा पाव सेकंदाची धरली तर एक आवर्तन दोन सेकंदांत होतं आणि ती मोकळी जागा अर्ध्या सेकंदाची. तेवढ्यात दुगुणीने वाजवलं तर चार आघात, चौगुणीने आठ. म्हणजे 'कोणाची' हा शब्द संपता संपता आठ आघातांचा एक गुच्छ येतो आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, धाडकन बंद होतो. बाई मात्र त्याच लयीत असते. नाचणारीचा पाय समेवर पडतो आणि चाळांचा आवाज थापेत मिसळतो. ओळ अशी चार वेळा आली तर चार वेळा हा झटका बसतो. लावणीचा 'ठसका' म्हणतात तो पुष्कळसा या अर्ध्या सेकंदातला आहे.

मग ध्रुपद आलं की जागा आणखी मोठी होते. लावणीत दर चौकानंतर ध्रुपदाची ओळ परत येते. ती परत आली की ढोलकीला दोन मात्रांऐवजी अख्खी आवर्तनं मिळतात. तिथे तोडे वाजतात, नाचणारीचं पदकाम होतं, तिहाई घेऊन सगळे एकत्र समेवर येतात. कवीलाही हे माहीत असतं. म्हणून आठ-आठ मात्रांच्या सीमेवर आतली यमकं येतात, आणि ओळीचा शेवट अशा अक्षरावर होतो की ते तोडता यावं. माझं म्हणणं असं की लावणीची कविता वाचताना तिचे अनुप्रास, यमकं यांचं आपण जे कौतुक करतो, त्यातला बराच भाग ढोलकीच्या सोयीतून आला आहे. वर्गात लावणी शिकवताना फक्त शृंगाररसावर बोलतात, आणि मला दर वेळी वाटतं, अहो, एकदा टेबलावर ताल देऊन तरी वाचा!

आता ढोलकीलाच हे का जमतं? मामांनी त्यांची जुनी ढोलकी माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा ती वाटली त्यापेक्षा बरीच जड निघाली. लाकूड आतून कोरलेलं, मध्ये किंचित फुगीर. उजव्या तोंडाला तबल्यासारखी वरून शाई, आणि ते गाणाऱ्या बाईच्या सुरात, वरच्या पट्टीत ताणून लावलेलं. डाव्या तोंडाला लेप असतो, पण तो आतल्या बाजूने, म्हणून बाहेरून दिसत नाही. उजव्या तोंडाचा ताण जास्त, त्यामुळे आवाज टणक येतो आणि लगेच विरतो. लगेच विरतो म्हणून पुढच्या आघाताला जागा मिळते, आणि सेकंदाला आठ आघात झाले तरी प्रत्येक वेगळा ऐकू येतो. डाव्या तोंडावर तळहात दाबून घासत नेला की 'घुं' असा चढता-उतरता घुमारा निघतो. एक हात बोटांनी बारीक वाजवतोय, दुसरा जणू माणसासारखा हुंकार देतोय. हलगी किंवा संबळ काठीने वाजतात, त्यांना हा हुंकार देता येत नाही. बोटांची बारीक नक्षी आणि घुमारा दोन्ही तबल्यात आहे, पण तबला बसून वाजवायचा. ढोलकीवाला ती कमरेला बांधून उभा राहतो, नाचणारीच्या मागे-पुढे सरकतो, तिच्या पायांकडे बघत वाजवतो.

जागेचाही संबंध आहे. तमाशा जत्रेत, उघड्यावर, ध्वनिक्षेपक नसताना उभा राहिला. शेवटच्या माणसापर्यंत पोचायला टणक आवाज हवा. म्हणूनच ढोलकीच्या जोडीला हलगी आली. हलगीचं कातडं हवेतल्या ओलाव्याने सैल पडतं, मग शेकोटीवर धरून ते तापवतात. ढोलकीच्या बाबतीत दोरीच्या कड्या सरकवून ताण वाढवतात. ताण कमी पडला की काय होतं ते मामांनी दाखवलं. मुद्दाम ढोलकी उतरवून त्यांनी तोच चौगुणीचा तुकडा वाजवला. आघात तेवढेच, पण सगळा चिखल. "हे असं झालं की समोरचा म्हणतो, ढोलकीवाला गडबडला. गडी गडबडत नाय, कातडं उतरलेलं असतंय." ध्वनिमुद्रणं ऐकताना मला याचा फार उपयोग झाला. आघात एकमेकांत मिसळत असतील तर वादकाला दोष देण्याआधी उजव्या तोंडाचा सूर गाणाऱ्या बाईच्या सुराशी जुळतोय का ते आधी ऐकायचं.

इथवर मी 'लावणी' म्हणजे फडाची लावणी धरून चालले आहे. पण इतिहासाने आपल्यासाठी एक छान तुलना तयार ठेवली आहे. उत्तर पेशवाईत होनाजी आणि बाळा ही जोडी होती, होनाजी रचणारा आणि बाळा करंजकर गाणारा. त्यांनी ढोलकीच्या जागी तबला आणला आणि बैठकीच्या लावणीची वाट मोठी केली, असं परंपरा मानते. श्रेय नेमकं एका जोडीला द्यावं की नाही हा वाद बाजूला ठेवू. वाद्य बदलल्यावर गाण्याचं काय झालं, ते बघण्यासारखं आहे.

बैठकीच्या लावणीत गाणारी बसलेली असते. खोली बंद, श्रोते मोजके, सूर पेटीचा. तबला ठेका धरून ठेवतो. तोच आठ मात्रांचा हिशोब, तशीच ध्रुपद-चौकाची बांधणी, पण ओळीच्या शेवटची फट आता ढोलकीच्या हातून निसटते आणि गाणारीकडे येते. तिथे ती हरकत घेते, सूर लांबवते, नजर वळवते. एकच ओळ दहा वेळा येते आणि दर वेळी अदा वेगळी. माझ्या ओळीतलं 'कोणाची' एकदा तक्रार म्हणून, एकदा लटक्या रागाने, एकदा खरंच माहीत नसल्यासारखं म्हणता येईल. यमुनाबाई वाईकर, सत्यभामाबाई पंढरपूरकर यांची नावं अदाकारीच्या संदर्भात घेतली जातात ती या कलेसाठी. आघातांची दाटी इथेही येते, पण शेवटी, लग्गीच्या रूपात, ठुमरीत येते तशी. म्हणजे रचना लावणीचीच, पण ढोलकी गेली की वेग गाण्याच्या कडेला सरकतो आणि मधली जागा अर्थाला मिळते.

दुसरी तुलना शाहिरांचीच आहे. अनंत फंदी, राम जोशी, प्रभाकर या एकेकाने पोवाडेही रचले आणि लावण्याही. कवी एकच, काळ एकच, भाषाही तीच. पण पोवाड्यात हाच माणूस लांब-आखूड ओळी सोडत कथा सांगतो आणि लावणीत मात्रा काटेकोर मोजतो. शाहिराचा स्वभाव दुपारनंतर बदलत नव्हता. समोर डफ आहे की ढोलकी, यावरून त्याचं माप बदलत होतं. अडचण एवढीच की छापील पुस्तकात हे दिसत नाही. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रह काढला, त्यानंतर लावण्यांचेही संग्रह निघाले. पण कागदावर आले ते शब्द. फार तर वर चालीचा एखादा उल्लेख असतो. वाचणाऱ्याला लावणी आणि पोवाडा या फक्त दोन विषयांच्या कविता वाटतात, एक शृंगाराची आणि एक वीराची.

मग सगळी लावणी वेगवानच असते, हा समज आला कुठून? फडाचा वाटा त्यात आहेच. पण माझा संशय 78 आरपीएमच्या तबकडीवर जास्त आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. चार चौकांची लावणी तिथे कापावीच लागते. तोडे, ध्रुपदाची उलटसुलट आवर्तनं, थांबून केलेली अदा हे सगळं आधी जातं आणि उरतं ते सगळ्यात खटकेबाज. मग सिनेमा आला. 1959 चा 'सांगत्ये ऐका', 1972 चा 'पिंजरा', आणि अलीकडे 'नटरंग'. पडद्यावरची लावणीही तेवढ्याच मिनिटांची, आणि तिच्यात संथ जागेला प्रेक्षक थांबेल याची खात्री कुणी देत नाही. ही गाणी मलाही पाठ आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आपण नमुन्यालाच व्याख्या करून बसलो.

याची किंमत बालेघाटीसारखा प्रकार मोजतो. बालेघाटी ही विरहाची लावणी, स्वभावतःच संथ. तिच्या शेजारी छक्कड ठेवली, जी हलकी, चटपटीत आणि खरोखर द्रुत असते, की एकाच घरातली दोन टोकं दिसतात. मागच्या वर्षी मी एका लावणी स्पर्धेला प्रेक्षक म्हणून गेले होते. एका मुलीने विरहाची लावणी संथ लयीत घेतली. ढोलकीवाला तरणा पोरगा होता, पण काय संयम! पहिल्या तीन आवर्तनांत जवळजवळ नुसता घुमारा, आणि ओळीच्या शेवटी दोनच टणक थापा. माझ्या अंगावर काटा आला. निकालानंतर परीक्षकांनी तिला जवळ बोलावून समजुतीने सांगितलं, "गायलीस छान, पण यात लावणी कुठे होती? जरा वेग हवा." मुलगी मान हलवत राहिली.

मी हे मामांना सांगितलं. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "परीक्षकाचं काय चुकलं? त्यानं ऐकलंच नसंल." मग ढोलकी पुढे ओढून त्यांनी माझ्याकडून ती जुळवलेली ओळ म्हणवून घेतली, अगदी हळू. गाण्याच्या नावाने माझी बोंब आहे, तरी म्हटली. पहिल्या वेळी 'कोणाची'नंतर त्यांनी आठ आघातांचा गुच्छ टाकला. दुसऱ्या वेळी चार. तिसऱ्या वेळी एकच थाप. चौथ्या वेळी हात वर उचलला आणि वाजवलंच नाही, त्या दोन मात्रा तशाच जाऊ दिल्या, आणि समेवर डाव्या हाताने फक्त 'घुं'.

"ही पन लावणीच हाय," म्हणाले. "लिही तुझ्या पुस्तकात."

पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह असलेलं ते वाक्य मी आराखड्यातून काढलं आहे. त्या जागी काय लिहायचं यावर सध्या मार्गदर्शकांशी वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, 'दाटी' हा शब्द शास्त्रीय वाटत नाही. पुढच्या वेळी भेटायला जाताना मी त्यांच्यासाठी ते ध्वनिमुद्रण घेऊन जाणार आहे.